सगळ्या ओळी माझ्या नावावर

आमच्या ऑफिसात एक बटण होतं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, काजूच्या कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सात माणसं बसून बर्फाच्या कारखान्यांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. कुठल्या ट्रॉलरला किती लाद्या, कुणाचं टोकन आधी, कुठल्या खोलीचं तापमान किती, हे सगळं त्यात चालतं. कारखान्यात काही अडलं की स्क्रीनवर फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर येतो, आणि ते लोक आम्हाला फोन करतात. फोन घेते आपा. तिला प्रोग्रॅमिंग येत नाही आणि येत नसल्याचा तिला अभिमान आहे. मालकांनी तिच्यासाठी एक पान बनवून घेतलं होतं. त्यात फाइल आणि ओळीचा नंबर टाकायचा, बटण दाबायचं, की ती ओळ शेवटची कुणी लिहिली त्याचं नाव आणि मोबाइल नंबर समोर. ज्याचं नाव येईल त्यालाच ती फोन लावणार. मग तो माणूस जेवत असो, लग्नात असो, नाहीतर डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेला असो.

या बटणामागे जादू काहीच नव्हती. आम्ही कोड ठेवतो गिटमध्ये. गिट प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं, तिला कमिट म्हणतात, आणि प्रत्येक कमिटला चाळीस अक्षरांचा एक नंबर असतो. कुठलीही ओळ शेवटची कुठल्या कमिटमध्ये बदलली हे सांगणारी एक आज्ञा त्यात आहे, तिचं नाव ब्लेम. म्हणजे दोष. ज्याने हे नाव ठेवलं त्याला आमचं ऑफिस आधीच दिसलं असावं.

बटण दाबलं की दहातल्या सात वेळा नाव यायचं काकांचं. काका म्हणजे हे सॉफ्टवेअर मुळात ज्यांनी लिहिलं ते. चार वर्षांपूर्वी निवृत्त होऊन अलोऱ्याला गेले. जाताना त्यांनी एकच अट घातली होती, माझ्या ओळीबद्दल मलाच विचारायचं. आणि विचारल्याशिवाय गत्यंतरही नव्हतं, कारण त्यांच्या कोडमध्ये जागोजाग एकच टीप होती: ‘हे काढू नये. कारण आहे.’ कारण काय, ते कुठेही लिहिलेलं नाही. ही टीप वाचली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अरे, एवढं टाइप केलंत तर पुढचं वाक्य टाइप करायला काय बोटं झिजत होती?

मग आपा फोन लावायची. काका आधी विचारायचे, “नाव कुणाचं येतंय?” आपा म्हणायची, “तुमचाच.” “मग सांगतो,” असं म्हणून ते सांगायचे. दिवसाला चार-पाच फोन सहज व्हायचे. त्यांची सून मला एकदा म्हणाली होती की सकाळी अंघोळ झाली की ते फोन चार्जिंगवरून काढतात, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात ठेवतात आणि पडवीत बसतात. घरात इस्त्रीचा शर्ट. मला तेव्हा हसू आलं होतं.

आता मी काय केलं ते सांगते.

आमच्या कोडमध्ये ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडायची यावर कुणाचं एकमत नव्हतं. काका तीन सोडायचे. जगात कुणीही तीन सोडत नाही. आमचा कोल्हापूरकडचा एक मुलगा टॅब मारायचा, दुसरा दोन जागा सोडायचा, मी चार. एकाच फाइलमध्ये चारही पद्धती असायच्या आणि प्रत्येकजण येताजाता दुसऱ्याच्या ओळी आपल्यासारख्या करून ठेवायचा. त्यावरून गणपतीच्या आदल्या आठवड्यात एवढी बाचाबाची झाली की कोल्हापूरकराने दोन दिवस माझ्या डब्यातलं काही खाल्लं नाही. मी बांगडा आणला होता, तरी नाही. माझं डोकं फिरलं. मी मालकांकडे गेले आणि म्हटलं, आपण फॉर्मॅटर लावू. हा एक प्रोग्रॅम असतो. तो सगळ्या फाइली एका शिस्तीत बसवतो, जागा, कंस, स्वल्पविराम सगळं. कोड तेच काम करतो, फक्त दिसायला सारखा होतो. पुढे कुणीही काहीही लिहिलं तरी सेव्ह करताना तोच नीट करणार. भांडण कायमचं मिटलं.

मालक म्हणाले, “पण मग सगळ्या ओळी बदलणार. आणि बदलल्या की बटणावर नाव तुझं येणार.”

मालकांना प्रोग्रॅमिंग जेमतेम येतं, पण नेमकी शंका त्यांनाच येते. मी हसले. म्हटलं, त्याची सोय आहे. ज्या कमिटमध्ये नुसती मांडणी बदलली तिचा नंबर एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवायचा आणि गिटला सांगायचं, ब्लेम करताना ही कमिट बघू नकोस, तिच्या पलीकडे बघ. कमिट इतिहासात राहते, पुसली जात नाही. नुसतं ब्लेम तिला ओलांडून मागच्या माणसापर्यंत जातं.

काकांनाही मी फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, “तीनाचे चार होणार?”

“होणार, काका.”

“होऊं देत. माझं नाव राहील ना गो?”

“राहील. शब्द देते.”

असा शब्द मी दिला. नको तिथे शब्द द्यायची माझी खोड जुनी आहे.

काम मी अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे केलं. वेगळी ब्रँच केली, म्हणजे मुख्य कोडला धक्का न लावता बाजूला काम करायची जागा. तिथे फॉर्मॅटर चालवला. चहा संपायच्या आत त्याने पंधरा वर्षांचा सगळा कोड सरळ करून ठेवला. ती एक कमिट. मग तिचा चाळीस अक्षरी नंबर त्या छोट्या फाइलमध्ये लिहिला आणि त्या फाइलची दुसरी कमिट केली. दोन्ही एकदम करता येत नाही, कारण कमिट झाल्याशिवाय तिचा नंबर कळत नाही. माझ्या मशीनवर सेटिंग लावलं, ब्लेम चालवलं, आणि काय सांगू, जिथे काकांचं नाव होतं तिथे काकांचंच नाव. कोल्हापूरकराला बोलावून दाखवलं. त्याने त्या दिवशी माझ्या डब्यातली सोलकढी प्यायली.

मग ते सगळं मुख्य कोडमध्ये मिसळायचं, म्हणजे मर्ज करायचं होतं. मर्जचं बटण आमच्याकडे फक्त मालक दाबतात. तो त्यांचा मान आहे. लग्नात नारळ फोडायला घरातल्या मोठ्यांना पुढे करतात तसं आम्ही त्यांना पुढे करतो. त्यांनी चष्मा पुसला, बटण दाबलं, आणि “झालं, शुभं भवतु” म्हणाले. माझ्या मशीनवर तीच ब्रँच उघडी ठेवून मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आपाचा फोन.

“अगो, साखरतरच्या कारखान्यात टोकन अडकलाय. ओळ तुझी हाय.”

“माझी कशी असेल? तो भाग काकांचा आहे.”

“ते माका नको सांगू. नाव तुझाच येताय.”

नऊ वाजेपर्यंत अजून तीन आले. मी ऑफिसात जाऊन माझ्या मशीनवर ब्लेम बघितलं. काकांचं नाव, स्वच्छ. म्हणजे माझं काम बरोबर आहे आणि गडबड आपाचं पान जिथून चालतं त्या सर्व्हरवर आहे. माझ्या लक्षात आलं की हे सेटिंग प्रत्येक मशीनवर वेगळं लावावं लागतं, सर्व्हरवर मी लावलंच नव्हतं. लावलं. आपाला म्हटलं, दाब आता. तिने दाबलं. माझं नाव. मी सेटिंग पुन्हा वाचलं, अक्षर न् अक्षर बरोबर. ना काही एरर, ना सूचना. गिटने चकार शब्द काढला नाही. मी म्हटलं, हे पानच बिघडलेलं आहे, कुणीतरी दुरुस्त करा. आपा म्हणाली, पान कालपर्यंत चांगलं होतं.

त्यानंतरचे अडीच आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. मी नववीत असताना काकांनी लिहिलेल्या ओळींचा जाब लोक मला विचारत होते. ‘तुम्ही सत्तेचाळीस मिनिटं का ठेवलीत?’ मी ठेवली नव्हती. कोडमध्ये होतं, एका टोकननंतर दुसरं सत्तेचाळीस मिनिटांनी. शेजारी टीप: ‘हे काढू नये. कारण आहे.’ ‘मंगळवारी तीन नंबरच्या खोलीचं तापमान का घेत नाही?’ टीप: ‘कारण आहे.’ मी गिऱ्हाइकांना सांगायला लागले, “कारण आहे.” काही जणांना ते पटायचंही. एक कारखानदार तर म्हणाला, पहिल्यांदा कुणीतरी एवढं स्पष्ट बोललं.

मी आपाला म्हटलं, अगं, सरळ काकांना लाव ना. ती म्हणाली, नियम मालकांचा आहे. मालकांकडे गेले तर ते म्हणाले, “तूच म्हणालीस ना की नावं तशीच राहतील? मग ज्या अर्थी नाव तुझं आहे त्या अर्थी ओळ तुझी असणार.” त्यांनी माझ्याकडे जरा कौतुकानेच बघितलं. एवढं काम या मुलीने केलं कधी, असा भाव होता.

काकांना मी स्वतः फोन करू शकत होते. दोन मिनिटांचं काम. पण केला असता तर पहिलं वाक्य काय बोलले असते? नाव कुणाचं येतंय, असं त्यांनी विचारलं असतं. मी दिलेला शब्द मोडला हे मला त्यांना सांगायचं नव्हतं, म्हणून मी सत्तेचाळीस मिनिटांचं कारण तीन दिवस कोडमध्ये खोदत बसले. मिळालं नाही. फोन घेण्यापलीकडे त्या दिवसांत मी एक ओळ नवीन लिहिली नाही. माझ्या मशीनवर ती ब्रँच तशीच उघडी होती आणि रोज मी तिथे ब्लेम चालवून स्वतःची समजूत घालायचे की बघ, तुझं काही चुकलेलं नाही.

एके दिवशी काकांच्या सुनेचा फोन आला. “ताई, तुमचं ऑफिस चालू आहे ना?”

“चालू आहे. का?”

“नाही, बाबांना दोन आठवड्यांत एकही फोन आला नाही. मोबाइल बिघडला म्हणून चिपळूणला दुकानात दाखवून आले. दुकानदार म्हणाला, चांगला आहे. आता मला दुसऱ्या खोलीतून फोन लावायला सांगतात, वाजतो का बघायला.”

मी म्हटलं, सर्व्हरचं काम चालू आहे. फोन ठेवल्यावर मला स्वतःचा एवढा राग आला की कोल्हापूरकरावर ओरडले. त्याने काहीच केलं नव्हतं.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे सर्व्हरची पूजा होते. झेंडूचा हार, पंख्याची झडप सोडून हळदकुंकू, पेढे. आणि त्या दिवशी ज्याच्या नावावर सगळ्यात जास्त ओळी असतील त्याला मालक भाट्याच्या संशोधन केंद्रातून आणलेलं नारळाचं रोप देतात. मोजणी अर्थात ब्लेमवरूनच. दरवर्षी पहिला नंबर काकांचा. निवृत्त झाल्यावरही तीन वर्षं त्यांचाच, कारण त्यांनी लिहून ठेवलेलं संपता संपत नव्हतं. ते दरवर्षी अलोऱ्याहून एसटीने यायचे, ओल्या गोणपाटात रोप गुंडाळायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे.

मला हे आठवायला हवं होतं. मला फोनच सुचत होते.

अकराच्या सुमारास काका दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, खिशात मोबाइल, हातात घडी घातलेलं ओलं गोणपाट. आपाने त्यांना पाणी दिलं. पूजा झाली, आरती झाली, आणि मालकांनी चष्मा लावून कागद वाचला. यंदाचं रोप मला. नुसतं मला नाही, ऑफिसच्या इतिहासातली सगळ्यात मोठी आघाडी. दुसऱ्या नंबरच्या माणसाच्या नावावर एवढ्या कमी ओळी की मालकांनी ते नाव वाचलंच नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवण्यात काकाही होते. त्यांनी गोणपाटाची घडी आणखी लहान केली आणि पिशवीत ठेवली.

मी ते रोप हातात धरून उभी होते. कुंडी चांगली जड होती. मला रडू येत होतं आणि मालक फोटो काढत होते.

“अभिनंदन गो,” काका जवळ येऊन म्हणाले. “सगळं नव्याने लिहिलंस का? मग बरोबर. मला वाटलंच. जुनं किती दिवस चालणार.”

“नाही हो काका!” मी ओरडलेच. “काही लिहिलेलं नाही मी. एक ओळसुद्धा नाही. तुमचं सगळं जसंच्या तसं आहे. मी फक्त जागा नीट केल्या आणि हे मेलं गिट माझंच नाव दाखवतंय. मी तुम्हाला शब्द दिला होता आणि तो पाळता आला नाही, म्हणून मी फोन केला नाही.”

काकांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, “दाखव बघू.”

मी रोप टेबलावर ठेवलं आणि त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. आधी ती छोटी फाइल उघडून दाखवली, बघा, हा तो नंबर, ही कमिट ओलांडायची असं इथे लिहिलंय. मग आपाच्या मशीनवर सर्व्हरचं ब्लेम दाखवलं. त्यात प्रत्येक ओळीच्या आधी कमिटच्या नंबराची सुरुवातीची अक्षरं येतात, मग नाव, मग तारीख. वरपासून खालपर्यंत माझं नाव होतं. काकांनी खिशातून चष्मा काढला. या मशीनवरून उठून ते त्या मशीनकडे गेले, पुन्हा इकडे आले. टोकन तपासणाऱ्या माणसासारखी त्यांची नजर फक्त नंबरांवर होती.

“हा नऊ ई दोननं सुरू होतोय,” ते फाइलीतल्या नंबरावर बोट ठेवून म्हणाले. “आणि तो सात बी शून्यनं. हे दोन निराळे नंबर आहेत गो बाय. तू एका गाडीला सोडायला सांगितलंस आणि फाटकातून आत आली दुसरीच.”

अडीच आठवडे मी सेटिंग वाचत होते, पान तपासत होते, सर्व्हरला शिव्या देत होते. नंबर बघितला नव्हता.

“मालक,” मी शक्य तेवढ्या शांतपणे विचारलं, “मर्ज करताना तुम्ही कुठलं बटण दाबलंत?”

“नेहमीचंच. सगळ्या कमिट गोळा करून एकच करणारं. एका कामाची एक नोंद, इतिहास कसा आटोपशीर राहतो.”

झालं. दोन कमिट गोळा होऊन तिसरीच नवीन झाली होती आणि तिचा नंबर नवीन. मी लिहिलेला नंबर मुख्य कोडमध्ये कुठे नव्हताच, तो होता फक्त माझ्या ब्रँचवर, म्हणून माझ्या मशीनवर सगळं गोड दिसत होतं. जी कमिट इतिहासात नाही ती ओलांडायला सांगितली तर गिट तक्रार करत नाही, मुकाट्याने दुर्लक्ष करतं. आणि मी मर्जनंतर मुख्य कोडवर एकदाही तपासलं नाही. चूक मालकांची अर्धी, माझी दीड.

जुना नंबर खोडला. सात बी शून्यपासूनची चाळीसच्या चाळीस अक्षरं फाइलमध्ये टाकली, कमिट केली, या वेळी मालकांना न विचारता स्वतःच मुख्य कोडमध्ये ढकलली आणि सर्व्हरवर घेतली. पाच मिनिटंही लागली नाहीत. ब्लेम पुन्हा चालवलं आणि पानभर काका आले. त्यांच्या तारखा, त्यांच्या टिपा. माझ्या नावावर उरले ते एकटे कंस. फॉर्मॅटरने जे कंस नव्याने स्वतंत्र ओळीवर आणून ठेवले होते त्यांना मागे कुणी धनीच नव्हता, तेवढे माझ्याकडे राहिले.

“कंसांबद्दल काही अडलं तर मला फोन करा,” मी आपाला म्हटलं.

मालकांनी मोजणी पुन्हा केली, कागद पुन्हा वाचला, माझ्यासमोरची कुंडी उचलून काकांना दिली आणि फोटोही पुन्हा काढला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. पेढे मात्र संपले होते. काकांनी पिशवीतून गोणपाट काढलं.

तेवढ्यात आपाचा फोन वाजला. मिरकरवाड्याच्या बाजूचा कारखाना. तिने फाइल आणि ओळ विचारून घेतली, टाइप केली, बटण दाबलं, आणि स्क्रीनवरचा नंबर मोबाइलवर फिरवला.

फोन वाजला काकांच्या खिशात. आपापासून चार पावलांवर ते कुंडीला सुतळी बांधत होते. मी म्हणणार होते, आपा, समोर तर आहेत, असंच विचार ना. नाही म्हटलं. काकांनी सुतळीची गाठ पुरी केली, हात पुसले, फोन बाहेर काढला आणि तो वाजत असतानाच स्क्रीनकडे जरा वेळ बघितलं. त्या ‘कारण आहे’चं कारण मला तेव्हा कळलं, पुढचं वाक्य लिहिलं असतं तर हा फोन वाजलाच नसता, आणि एवढी वर्षं त्या टिपांना दिलेल्या शिव्यांची लाज वाटली.

मग आपाकडे पाठ करून ते दारापाशी गेले आणि फोन कानाला लावला.

“हॅलो. नाव कुणाचं येतंय?”

“तुमचाच काका,” आपा खुर्चीतून म्हणाली.

“मग सांगतो,” काका म्हणाले.